पाण्यात बुडालेली चावी: मीटरवरचे दिवे आकारावरून ओळखण्याचं एक प्रकरण

आमच्या गाड्या तुर्भ्याहून सुटतात. काम ठरलेलं आहे: ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या ऑफिसांमधला स्टाफ आणायचा आणि सोडायचा. गाड्या मात्र एका घरातल्या नाहीत. मारुतीच्या सीएनजीवरच्या सेडान आहेत, टोयोटा आहेत, महिंद्राच्या डिझेल गाड्या आहेत, ह्युंदाई आहे, एक जुनी स्कोडा आहे आणि आता दोन इलेक्ट्रिकही आल्या आहेत. ड्रायव्हर गाडीला बांधलेला नसतो. गाडी सर्व्हिसला गेली किंवा कुणी सुट्टीवर असला की माणसं इकडची तिकडे होतात. ड्युटी लावायचं आणि नव्या माणसाला गाडी समजावून द्यायचं काम माझ्याकडे आहे. हे प्रकरण त्यातूनच आलेलं.

ज्यांच्याबाबत घडलं त्यांना सगळे काकाच म्हणतात. पन्नाशी उलटलेले, हात साफ, नावावर अपघात नाही. बरीच वर्षं त्यांनी एकाच प्रकारची छोटी पेट्रोल-सीएनजी गाडी चालवली. एका संध्याकाळी त्यांना डिझेल एसयूव्ही दिली. ती वेगळ्या कंपनीची होती आणि दोन-तीन पिढ्या जुन्या इंजिनाची.

महापे सोडून घणसोलीच्या दिशेला लागल्यावर मीटरमध्ये लाल दिवा आला. पाठोपाठ मागच्या सीटवरून तक्रार आली की एसी गार करत नाही. मग स्टिअरिंग जड झालं. काकांनी ऑफिसला फोन लावला, तोही गाडी चालवतच. त्यांचं निदान तयार होतं: “ताई, बॅटरी बसलीये. स्टिअरिंग पण जड झालंय. ऐरोलीला पॅसेंजर सोडतो आणि बॅटरीवाल्याकडे जातो.”

हे निदान वेडगळ नव्हतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या नेहमीच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं. तिथे वीज खरोखर कमी पडली तर स्टिअरिंग जड होतं. त्या गाडीच्या हिशेबाने त्यांनी दोन आणि दोन चार केले होते. या एसयूव्हीचं स्टिअरिंग मात्र हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या पंपावरचं. त्याला बॅटरीशी देणंघेणं नाही. तो पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटर, ज्याला जुने ड्रायव्हर अजून डायनॅमो म्हणतात, या तिघांना फिरवतो इंजिनासमोरचा एकच लांब पट्टा. त्यालाच सगळे फॅन बेल्ट म्हणतात. आणि या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर होता.

मी विचारलं, “काका, दिवा कसा दिसतो? नाव नका सांगू, चित्र सांगा.”

“डबा आहे. वर दोन खुंट्या. आत अधिक-उणे.”

म्हणजे बॅटरीचंच चिन्ह. पण त्या चिन्हाचा अर्थ ‘बॅटरी खराब’ असा होत नाही. चालत्या इंजिनावर तो दिवा लाल झाला तर बॅटरीत चार्ज भरला जात नाहीये, एवढंच तो सांगतो. बॅटरी नवी कोरी असली तरी तो लागेल. चार्जिंग थांबलं, त्याच वेळी एसी गेला आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगही जड झालं, तर तिन्ही गोष्टींचा मालक एकच असतो आणि तो म्हणजे बेल्ट. एवढं माझ्या डोक्यात जुळतं आहे तोवर काका म्हणाले, “अजून एक आला बघा. लाल. पाण्यात चावी बुडालीये असं चित्र आहे.”

चावी म्हटल्यावर दुसऱ्या कुणालाही वेगळीच शंका आली असती. चावीचं चिन्हही गाड्यांत असतं, ते इमोबिलायझरचं, म्हणजे गाडीला आपली चावी ओळखता आली नाही की लागणारं. पण ते पाण्यात नसतं. खाली लाटा आणि त्यात उभी दांडी असेल, दांडीच्या बाजूला दोन-तीन दाते निघाले असतील, तर ती चावी नाही. ती थर्मामीटरची नळी आहे, दाते म्हणजे तिच्यावरच्या खुणा आणि लाटा म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. मी त्यांना एवढंच म्हटलं, “काका, डाव्या कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा, इंजिन बंद करा. पॅसेंजरना सांगा दुसरी गाडी येतेय. बॉनेट उघडा, पण कशाला हात लावू नका.”

पहिला दिवा लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत जेमतेम दीड-दोन किलोमीटर झाले असतील. बॉनेटखाली बेल्टच्या चिंध्या पुलीला गुंडाळलेल्या होत्या. गाडी टो करून आणली. मेकॅनिकने सांगितलं की टेन्शनरचं, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचं, बेअरिंग जाम झालं होतं, त्यावर घासून पट्टा तुटला. बेल्ट आणि टेन्शनर नवे घातले, कूलिंग सिस्टीमला प्रेशर देऊन गळती तपासली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, वाचलं होतं. पाण्याचा पंप थांबल्यावर इंजिन गरम व्हायला फार वेळ लागत नाही आणि डिझेल इंजिन भरल्या गाडीचं ओझं ओढत असताना तर नाहीच. ऐरोलीपर्यंत तशीच रेटली असती तर हेड वाकण्याची भीती होती.

काका नेमकं काय ओळखत होते

दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्यांच्या नेहमीच्या गाडीत बसवून विचारलं, इथे इंजिन गरम झालं तर कसं कळतं? त्यांनी तत्काळ बोट ठेवलं, “इथे लाल येतो.” पण ते चिन्हाकडे पाहत नव्हते, जागेकडे पाहत होते. त्या गाडीत तापमानाचा काटा नाहीच. सकाळी इंजिन थंड असताना निळा थर्मामीटर लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. मारुती, होंडाच्या अनेक गाड्यांत ही पद्धत आहे. काकांच्या दृष्टीने तो ‘सकाळचा निळा दिवा’ होता. तोच आकार लाल होऊन, दुसऱ्या जागी, काट्याशेजारी दिसला तेव्हा त्यांना तो अनोळखी वाटला. एसयूव्हीचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकत होता, पण काटा बघायची सवयच नव्हती.

बहुतेक ड्रायव्हर असेच शिकतात: जागा आणि रंग. एका गाडीपुरतं ते पुरतं आणि जलदही असतं. कंपनी बदलली की दोन्ही खुणा हातातून जातात, कारण दिवा मीटरमध्ये कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. नव्या गाड्यांत तर स्क्रीनच आहे, तिथे दिव्याला कायमची जागाही नाही. कंपनी बदलली तरी फारसं बदलत नाही ते चित्र. ही चिन्हं आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवलेली आहेत आणि त्यातच रंगांचा अर्थही आहे: लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडलंय, लक्ष द्या, हिरवा म्हणजे यंत्रणा नीट चालू आहे. निळा मुख्यतः अप्पर लाइटसाठी.

आमच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता, पाचपन्नास चिन्हांचा, रंगीत, लॅमिनेट केलेला. मला तो कधीच आवडला नाही. त्यात सीटबेल्ट, फॉग लॅम्प, उघडा दरवाजा आणि ऑइल प्रेशर एकाच मापाच्या चौकोनांत शेजारी शेजारी होते. बघणाऱ्याला जीव कशात अडकलाय तेच कळत नाही.

चार कुळं

तक्ता उतरवून आम्ही वेगळं काही केलं. प्रत्येक गाडीत बसून चावी ‘ऑन’ला ठेवली, इंजिन न लावता. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की बहुतेक गाड्या त्या अवस्थेत येतात. तेव्हा मीटर आपले दिवे क्षणभर पेटवून दाखवतो. मोबाइलवर फोटो काढले, प्रिंट मारल्या आणि एकेक चिन्ह कात्रीने कापलं. दुपारच्या निवांत वेळी टेबलावर सगळे कपटे उलटसुलट टाकून ड्रायव्हरना म्हटलं, कुठली गाडी ते विसरा, सारखी चित्रं एकत्र करा.

इंजिनाचा बिघाड सांगणाऱ्या दिव्यांचे चार ढीग झाले: डबा, किटली, थर्मामीटर आणि इंजिनाचा आराखडा. या खेळात खरी गंमत ढीग लावण्यात नव्हती. कोणता कपटा कुठे टाकायचा यावर भांडणं झाली तिथे शिकणं झालं.

किटलीवर पहिलं भांडण पेटलं. सगळ्यांनी लाल आणि पिवळी किटली एकाच ढिगात टाकली. कूळ एकच, हे बरोबर. पण आमच्या स्कोडातली पिवळी किटली ऑइलची पातळी कमी झाली हे सांगते. काही गाड्यांत पिवळ्या किटलीखाली लाटेची रेघ असते, तीही पातळीच. पातळी कमी म्हणजे सोयीच्या जागी थांबा, इंजिन सपाट जागी थोडं निवू द्या, तेल मोजायची पट्टी काढून बघा, योग्य ग्रेडचं ऑइल घाला. लाल किटली, जिच्या चोचीतून थेंब पडतोय, ती प्रेशरची आहे. तेल असूनही ते बेअरिंगपर्यंत दाबाने पोचत नसेल तरी ती लागते. पंप गेला, गाळणी तुंबली किंवा पावसाळ्यात खड्ड्यात इंजिनाखालची ऑइलची टाकी आपटून तेल वाहून गेलं, कारण काहीही असो, तिथे पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ असा विचार करायचा नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद. पट्टीवर तेल भरपूर दिसलं तरी पुन्हा स्टार्ट मारायची नाही, टो करूनच न्यायची. एक तरुण ड्रायव्हर म्हणाला, “सिग्नलला उभं असताना लुकलुकते, रेस दिली की जाते.” जिथे इंजिन गरम झाल्यावर आयडलला लाल किटली लुकलुकते तिथे दाब काठावर आला आहे. रेस देऊन ती घालवणं म्हणजे फक्त खूण पुसणं. ती गाडी त्याच दिवशी दाखवायला पाठवली.

थर्मामीटरच्या कुळात सोबतचं चित्र बघावं लागतं. लाटांत उभा असेल तर कूलंट. दातेरी चक्राच्या आत असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तापलंय. निळा असेल तर इंजिन अजून थंड आहे, एवढंच, त्यावर जोरात रेस देऊ नये. काही युरोपियन गाड्यांत लाटांतला लाल थर्मामीटर कूलंटची पातळी कमी झाल्यावरही लागतो, म्हणून काटा मध्यावर आहे असं पाहून दिव्याकडे दुर्लक्ष करायचं नाही.

इथे एक खोच आहे जी मी नेहमी वेळ काढून सांगते. कूलंट पूर्ण वाहून गेलं तर तापमानाचा सेन्सर पाण्यात राहतच नाही, कोरडा पडतो. मग इंजिन भाजत असताना काटा खालीही येऊ शकतो. गरम होता होता काटा अचानक पडला, बॉनेटखालून गोडसर वास येतोय, हीटर लावला तर गार हवा येतेय, अशा वेळी दिवा विझला म्हणून सुटलो असं समजायचं नाही. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. गार पाणीही ओतायचं नाही. अर्धा-पाऊण तास बंद ठेवली की मग बघता येतं.

डब्याच्या कुळात गोंधळ होतो तो डब्यांचाच. वर दोन खुंट्या आणि आत अधिक-उणे असेल तरच तो चार्जिंगचा. खुंट्या नाहीत आणि आत लाटा आहेत, तर ती कूलंटची टाकी, म्हणजे थर्मामीटरच्या घरचा पाहुणा. एका ड्रायव्हरने फोटोतला कूलंटच्या टाकीचा कपटा बॅटरीत टाकला आणि काका त्याला म्हणाले, “खुंट्या कुठेयत याच्या?” त्यानंतर ‘खुंट्या बघ’ हे टेबलावरचं वाक्यच झालं.

डबा लागल्यावर काय करायचं, यातच काकांच्या प्रकरणाची सगळी मेख आहे. नुसता अल्टरनेटर गेला आणि बेल्ट शाबूत आहे, तर गाडी बॅटरीवर काही अंतर जाते. किती, ते हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि वायपर किती वीज खातात त्यावर. रात्री पावसात कमी, दिवसा जास्त. पण बेल्टच गेला असेल आणि पाण्याचा पंप त्यावर असेल, तर एक किलोमीटरही जायचं नाही. मीटरला यातला फरक कळत नाही, दोन्हीकडे तोच लाल डबा. म्हणून नियम असा ठेवला: डबा लागला की सुरक्षित जागी थांबून बॉनेट उघडायचं आणि बेल्ट जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघायचं, इंजिन बंद करून. शिवाय मेकॅनिककडून विचारून घेतलं की आमच्या कोणत्या गाड्यांत पंप बाहेरच्या बेल्टवर आहे आणि कोणत्यांत आतल्या टायमिंग बेल्ट किंवा चेनवर. पहिल्या प्रकारच्या गाड्यांच्या सनशेडमागे छोटी पट्टी चिकटवली: ‘डबा = थांबा, बेल्ट बघा’. शंका उरली तर वर्कशॉपमध्ये मल्टीमीटरने खात्री होते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग होतंय. १२.५च्या आसपास दिसून आकडा हळूहळू उतरत असेल तर होत नाही.

इंजिनाच्या आराखड्यावर मी कमी वेळ घालवते, कारण तो बहुधा पिवळा असतो आणि त्यामागे कारणं असंख्य, ती स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर प्रदूषणाशी संबंधित बारीक बिघाडही हा दिवा पकडतो, त्यामुळे तो आधीपेक्षा जास्त वेळा दिसतो. स्थिर लागला आणि गाडी नीट ओढतेय, तर ड्युटी संपवून दाखवा. लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतंय. तिथे वेग आणि रेस कमी करून गाडी थांबवायची. आमच्या सीएनजी गाड्यांत याचं नेहमीचं कारण झिजलेले स्पार्क प्लग असतात. गॅसला ठिणगी जोरदार लागते, पेट्रोलवर जी गाडी बरी चालते ती गॅसवर अडखळते.

पद्धत कुठे अडते

शिकलंय का हे पाहायला मी ड्रायव्हरना त्यांनी न चालवलेल्या गाडीत बसवलं. काकांना स्कोडात. चावी ऑन केल्यावर ते क्षणभर गप्प राहिले, मग बोटाने एकेक दाखवत गेले: खुंट्यावाला डबा, किटली, इंजिन. थर्मामीटर सापडेना. तो त्या गाडीत चावी ऑन केल्यावर थांबण्याइतका वेळ पेटलाच नव्हता. हे महत्त्वाचं आहे: सुरुवातीच्या तपासणीत सगळे दिवे पेटतातच असं नाही आणि काही पटकन विझतात. त्यामुळे फोटोंचा संच अपुरा राहतो. उरलेली चित्रं गाडीच्या मॅन्युअलमधून कापून ढिगात घालावी लागली.

काही दिव्यांना आकारच नाही, अक्षरं आहेत. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये EPC असं लिहून येतं, ते इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलशी निगडित. डिझेल गाडीतली पिवळी स्प्रिंग थंड इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगची, ती विझली की स्टार्ट मारायची. फोक्सवॅगनच्या घराण्यातल्या डिझेलमध्ये तीच स्प्रिंग चालताना लुकलुकली तर इंजिनात बिघाड आहे. पाना तर बेभरवशाचा: एका कंपनीत त्याचा अर्थ सर्व्हिसची तारीख आली इतकाच, दुसरीत इंजिन-गिअरबॉक्सचा बिघाड. अशा चित्रांना आम्ही कुठल्याच कुळात बसवलं नाही. ती ‘मॅन्युअल बघा’ असं लिहिलेल्या पाकिटात आहेत.

इलेक्ट्रिक गाड्यांनी तर डब्याचा नियमच मोडला. त्यांच्याही मीटरमध्ये खुंट्यावाला लाल डबा असतो, पण तो मोठ्या बॅटरीचा नाही, १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीच्या चार्जिंगचा आहे. तिथे अल्टरनेटर नाही, त्याला फिरवणारा बेल्टही नाही. छोटी बॅटरी मोठीच्या विजेवर, डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून भरते. तो बंद पडला आणि छोटी बॅटरी उतरली तर मोठी पूर्ण भरलेली असूनही गाडी जागच्या जागी बसू शकते. म्हणून त्या दोन गाड्यांच्या सनशेडमागची पट्टी वेगळी आहे: ‘डबा = कडेला घ्या, बॉनेट उघडू नका, फोन करा’.